सूचना: जोडाक्षरांचा व्हिडिओ, शनिवारी

बालवाडीच्या सर्व ताईंनो, शनिवारी सकाळी 10 वाजता मोठ्या गटाला ‘स्त’चा व्हिडिओ दाखवायचा आहे. मुलांना ‘स’ आणि ‘त’ सुटे लिहिता येत असतील तरच बसवा.

हिरवा ठिपका दिसला की व्हिडिओ थांबवा. रेघ तिथूनच सुरू होते. मग बाणामागून बोट हवेत फिरवून घ्या.

क्रम असा: काना न देता ‘स’, त्याला चिकटून पूर्ण ‘त’, शेवटी दोन्हींवर एकच शिरोरेषा. शिरोरेषा आधी काढली की मुलं तिच्याखाली अक्षरं लांब लांब टांगतात आणि जोड सुटतो. मग ‘स’ला कानाही दिला जातो आणि ‘पुस्तक’चं ‘पुसतक’ होतं. तसं दिसलं तर खोडायला लावू नका, ठिपक्यापासून पुन्हा दाखवा.

पाटी-पेन्सिल प्रत्येकाला हवी.