बोअर आणखी खोल नेऊ नका: गावठाणच्या विहिरीसाठी आवाहन

ऐरोलीच्या खाडीकाठच्या आमच्या गावठाणातील सर्व रहिवासी, भाडेकरू आणि शेजारच्या सोसायट्यांतील बंधू-भगिनींनो,

आपल्या जुन्या विहिरीचे पाणी यंदाही मे महिन्यात मचूळ झाले. ऑक्टोबरमध्ये आम्ही मोजले तेव्हा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ४०० होता, मे महिन्यात तो १,९०० भरला. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस ३५,००० च्या आसपास असतो. म्हणजे आपल्या शंभर बादल्यांत साधारण चार बादल्या खाडीच्या मिसळल्या की एवढा फरक पडतो.

फक्त टीडीएसवरून खाडीला दोष देता येत नाही, गटार पाझरले तरी आकडा वाढतो. म्हणून नमुना प्रयोगशाळेत दिला. मिठातले क्लोराइड वाढलेले निघाले, नायट्रेट मात्र वाढलेले नव्हते. सांडपाणी असते तर सहसा दोन्ही वाढले असते.

हे मीठ येते कुठून? आपल्या जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी किंचित जड असते. विहिरीतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. पातळी ५ फूट वर असेल तर खाली २०० फुटांपर्यंत गोडे. उपशाने ती ३ फूट उतरून २ फुटांवर आली आणि तशीच राहिली, तर गोडे पाणी ८० फुटांपर्यंतच उरते. तुमचा १५० फुटांचा बोअर आधी गोड्या पाण्यात होता, आता त्याचा तळ खाऱ्यात आहे. बोअर जागचा हलला नाही, खारे पाणी वर आले. आणि पातळी समुद्रसपाटीच्याही खाली गेली, तर पाणी जमिनीकडून खाडीकडे वाहण्याऐवजी खाडीकडून आत सरकू लागते.

हा हिशेब वाळूच्या जमिनीला जास्त लागू पडतो. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा कातळ. कातळात पाणी भेगांतूनच फिरते, त्यामुळे एका घराचा बोअर खारा आणि शेजारचा गोडा असेही घडते. पण एखादी भेग खाडीपर्यंत पोचत असली की जोराचा पंप तिच्यातून खारे पाणी थेट ओढून घेतो. मे महिन्यात एका बोअरवर आम्ही हेच पाहिले. पंप सुरू केला तेव्हा टीडीएस ९०० होता, तासाभराने २,६०० झाला. पंप बंद ठेवल्यावर दुसऱ्या सकाळी तो बराच उतरला होता. आपल्या घरी हीच परीक्षा करून पाहा: पहिली बादली आणि तासाभरानंतरची बादली, दोन्ही मोजा. आकडा चढत गेला तर पंप मोठा आहे किंवा जास्त वेळ चालतो आहे.

म्हणूनच कळकळीने सांगतो, पाणी कमी झाले की बोअर आणखी शंभर फूट खाली नेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मीठ खालीच आहे. ज्यांनी तसे केले त्यांच्या बोअरचे पाणी आज भांडी घासायलाही चालत नाही. आणि कातळाच्या भेगांत एकदा शिरलेले मीठ धुऊन जायला कित्येक पावसाळे लागतात.

आम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली म्हणजे पैसा. विहिरीभोवतीच्या सहा घरांच्या छपरांना पन्हळी बसवून पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडायचे आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या एका छपरावरून गळती वजा जाता पावणेदोन लाख लिटरहून अधिक पाणी मिळते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छप्पर धुण्यासाठी सोडून द्यायचे. मुरलेले बरेचसे पाणी दिवाळीपर्यंत खाडीकडे निघून जाते, हेही स्पष्ट सांगतो. म्हणून नुसत्या पन्हळी पुरणार नाहीत.

दुसरी गोष्ट पैशाने येत नाही. फेब्रुवारी ते जून बोअरचा पंप सलग चालवू नका. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, मधल्या वेळात पातळी सावरू द्या. टँकरला पाणी विकणाऱ्यांनी निदान हे चार-पाच महिने उपसा थांबवावा, ही हात जोडून विनंती. गावातली माणसेच गावाची विहीर रिकामी करतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

सहा छपरांच्या पन्हळी, पाइप, गाळणी आणि दोन टीडीएस मीटर मिळून ९०,००० रुपयांचा अंदाज आहे. जमेल तेवढी रक्कम समितीच्या खजिनदारांकडे द्या आणि पावती घ्या. जमा-खर्च दर रविवारी विहिरीजवळच्या फलकावर लावू. प्लंबिंग येणाऱ्यांनी एक दिवसाचे श्रम दिले तरी मोठी मदत होईल. दर पंधरवड्याला पातळी आणि टीडीएस मोजून वहीत लिहायला चार तरुण हवेत. नोंद नेहमी ओहोटीच्या वेळी घ्यायची आहे, कारण भरतीच्या दाबाने काठच्या विहिरींची पातळी थोडी वर-खाली होते आणि आकड्यांची तुलना चुकते.

पन्हळी जूनच्या पहिल्या सरीआधी बसायला हव्यात.

आपली,
विहीर समिती, गावठाण