बोनसचे ग्रॅम कुठून येतात

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, आधी कबुली देते. रविवारी तुम्ही दुपारचे झोपला होतात, तेव्हा तुमच्या फोनवरून सोन्याच्या ॲपचा ऑटोपे मी रद्द केला. तुम्ही लाइट बिलासाठी विश्वासाने सांगितलेला पिन वापरून केला, न विचारता केला, त्याबद्दल माफ करा. साठलेल्या सोन्याला मी हात लावलेला नाही. तुमचे सहा ग्रॅम दिसत होते तसेच दिसतील, फक्त पाच तारखेचे दोन हजार आता कापले जाणार नाहीत. समोर बसून सांगायला हवं होतं, पण तुम्हाला वाईट वाटलं की मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे, सावकाश वाचा.

तुम्ही काही चूक केली असं मुळीच नाही. नावाजलेलं ॲप, पावती रीतसर, भाव रोज दिसतो. मला खटकलं ते एकच वाक्य: "दरसाल ४ टक्के जादा सोनं". बाबा, तिजोरीत ठेवलेलं सोनं वाढत नाही. दसऱ्याला तुम्ही लक्ष्मी रोडवरून गुलाबी कागदात वेढणी आणायचात, माझ्या तळहातावर ठेवून "बघ किती जड" म्हणायचात. ती आईच्या शालूच्या घडीत वर्षानुवर्षं राहिली आणि तेवढीच राहिली. जादा ग्रॅम यायचे तर सोनं तिजोरीतून बाहेर पडून कोणाच्या तरी कामाला लागलं पाहिजे. तेच झालं आहे. दसऱ्याच्या सुमारास तुम्ही ज्या बटणावर होकार दिलात, त्यात तुमचे सहा ग्रॅम लीजवर, म्हणजे एका दागिने बनवणाऱ्याला भाड्याने गेले. तो त्यातून माल घडवतो, विकतो आणि ठरल्या दिवशी तेवढंच वजन भाड्यासकट परत करतो. करतो, म्हणजे करायला हवं.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण स्क्रीनवर दोन्ही सोनं सारखंच पिवळं दिसतं. साध्या डिजिटल सोन्यात चार जण असतात. ॲप हे नुसतं काउंटर आहे. सोनं विकते ती दुसरीच कंपनी, तिचं नाव ॲपवर नव्हे तर बिलावर सापडतं. सोनं सांभाळते तिसरी, तिजोरीचा धंदा करणारी कंपनी. आणि चौथा असतो ट्रस्टी, जो ग्राहकांच्या वतीने त्या सोन्यावर हक्क धरून ठेवतो. तिजोरीत तुमच्या नावाची चिठ्ठी लावलेलं बिस्कीट नसतं. मोठे बार असतात आणि त्यांत सगळ्या ग्राहकांचा मिळून वाटा असतो. विकणारी कंपनी बुडाली तरी तिला कर्ज देणाऱ्यांनी त्या बारांना हात लावू नये, हे पाहणं ट्रस्टीचं काम. पण ट्रस्टीचा हक्क तिजोरीतल्या सोन्यावर असतो. लीजवर गेलेलं सोनं तिजोरीत नाहीच, त्यामुळे त्याच्यापुरती ती भिंत उरत नाही. त्या सहा ग्रॅमांचे तुम्ही मालक कमी आणि उसने देणारे जास्त. काही लीजमागे बँकेची हमी असते, पण ती कोणाच्या नावे आहे आणि किती रकमेची, हे करारात वाचावं लागतं. तुमच्या करारात "हमी असू शकते" एवढंच आहे. "असू शकते" म्हणजे नाही असंच मी धरते.

शिवाय ज्या सराफाची पत चांगली, त्याला बँकच कच्चा माल म्हणून सोनं कर्जाऊ देते. त्याहून महाग भाडं देऊन जो ॲपवरून सोनं घेतो, त्याला बँकेचा रस्ता मिळत नाही किंवा पुरत नाही, असा विचार मी तरी करते.

आता हिशेब. आकडे सोपे घेते. ग्रॅमचा भाव दहा हजार धरा. तुम्ही १०,००० रुपये भरलेत की त्यातून आधी ३ टक्के जीएसटी जातो, सोन्याला ९,७०९ रुपये उरतात, म्हणजे ०.९७०९ ग्रॅम. ॲपचा विकत घ्यायचा भाव विकायच्या भावापेक्षा कमी असतो. तो ३ टक्के कमी धरला तर तेच सोनं त्याच दिवशी विकून हातात ९,४१७ येतात. पहिल्याच दिवशी ५८३ रुपये गेले. वर्षभर लीजवर ठेवून ४ टक्के जादा मिळालं आणि भाव तिथेच राहिला, तर ९,७९४. म्हणजे वर्षाच्या बोनसनंतरही तुम्ही मागेच आहात, बरोबरीला यायलाच दीड वर्ष लागतं. तेवढा काळ सोनं अनोळखी माणसाकडे. भाव वाढला तर फायदा दिसेल, पण तो भावाचा, आणि तो घरातल्या वेढणीवरही मिळाला असता.

सोनं खरंच कोणाकडे आहे हे तपासायची माझी पद्धत सांगते. ॲपमधून कोणत्याही एका खरेदीचं बिल उघडा. वर विक्रेत्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक असेल. तीच ती सोन्याची कंपनी. तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा ईमेल पत्ता घ्या, ॲपच्या चॅटमध्ये विचारू नका, तिथे गोड उत्तरं मिळतात. पत्र असं:

"माझ्या मोबाइल क्रमांकावर आज किती ग्रॅम सोनं तिजोरीत आहे आणि किती लीजवर? तिजोरी कोणत्या कंपनीची, ट्रस्टी कोण? ग्राहकांना देणं असलेलं एकूण सोनं आणि तिजोरीतलं प्रत्यक्ष सोनं जुळल्याचा शेवटचा दाखला कोणत्या तारखेचा आहे आणि त्यावर सही कोणाची?"

उत्तरात सर्वांत आधी सही बघायची. कंपनीच्याच अधिकाऱ्याने दिलेला दाखला म्हणजे स्वतःची पत्रिका स्वतः तपासल्यासारखं. बाहेरच्या ऑडिटरची किंवा ट्रस्टीची सही हवी, तारीख ताजी हवी आणि दोन्ही बाजूंचे ग्रॅम आकड्यात हवेत. "पूर्णपणे सुरक्षित" एवढंच लिहिलं असेल तर तो दाखला नाही. तिजोरीतलं आणि लीजवरचं सोनं एकाच बेरजेत घातलं असेल, तर तिथे बोट ठेवा, तो आकडा फोडून मागा. मग ट्रस्टीच्या कंपनीलाही दोन ओळी लिहून विचारायचं की या कंपनीच्या ग्राहकांसाठी तुम्ही खरंच काम पाहता का. ट्रस्टी कंपनीकडे सेबीचा नोंदणी क्रमांक असतो, तो पाहून निर्धास्त होऊ नका. तो तिच्या दुसऱ्या कामासाठी आहे. डिजिटल सोनं आपल्या कक्षेत येत नाही, हे सेबीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर निवेदनात स्पष्ट सांगितलं आहे. वाद झाला तर सेबीकडे दाद मागता येणार नाही.

आई, आता तुझी अकरा हप्त्यांची योजना. ती मी बंद केलेली नाही, घाबरू नकोस. तीन हप्ते राहिलेत, ते भर. पण समज असा करून घेऊ नकोस की दुकानात तुझ्या नावाचं सोनं बाजूला काढून ठेवलंय. ते पैसे म्हणजे मालासाठी दिलेली आगाऊ रक्कम. कंपनीने अशी रक्कम ३६५ दिवसांत मालात वळवली नाही, तर कायद्याने ती ठेव ठरते, म्हणून या योजना अकरा महिन्यांच्या असतात. तुझ्या पावतीवर प्रायव्हेट लिमिटेड आहे, तेव्हा mca.gov.in वर कंपनीच्या नावाने "Index of Charges" पाहिलं. दुकानातल्या मालावर बँकेचा बोजा आहे. सराफाच्या धंद्यात हे नेहमीचं, पण दुकान अडचणीत आलं तर त्या मालावर आधी बँक, तुमच्यासारखे हप्तेवाले मागे. २०१९ मध्ये गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली, तेव्हा डोंबिवली-ठाण्यातल्या किती बायका मासिक योजनेची पासबुकं घेऊन पोलिस ठाण्यात उभ्या होत्या, ते आपण टीव्हीवर पाहिलंच होतं. तुझ्या भिशीत निदान कोणाच्या घरी पैसे आहेत हे तरी माहीत असतं.

पासबुकात दर महिन्याच्या हप्त्यासमोर नुसते रुपये आहेत की त्या दिवशीच्या भावाचे ग्रॅमही, ते बघ. नुसते रुपये असतील तर वाढलेला भाव तुझ्या वाट्याला नाही. आणि पाच हजारांचा बोनस घडणावळीत कसा जातो ते ऐक. तुझे ५५ आणि त्यांचे ५, मिळून ६० हजारांचा दागिना, जीएसटी सोडून. घडणावळ १५ टक्के लावली तर त्यात सोनं बसतं ५२,१७४ रुपयांचं. तेवढंच सोनं ८ टक्के घडणावळीच्या दुकानात ५६,३४८ ला मिळालं असतं. म्हणजे बोनसमधले ३,६५२ तिथेच परत गेले. म्हणून आत्ताच जा आणि घडणावळ किती टक्के ते पासबुकावर लिहून घे, तोंडी नको. मुदत संपली की त्याच महिन्यात दागिना उचल, "पुढच्या योजनेत वळवू" याला नाही म्हण. दागिन्यावर कोरलेला सहा अक्षरी एचयूआयडी बीआयएस केअर ॲपवर टाकून शुद्धता आणि प्रकार जुळतो का, ते दुकानातच बघ. डोळ्यांचा त्रास होतो म्हणालीस, बारीक अक्षर शेजारच्या वैनींना वाचायला सांग, संकोच करू नकोस.

बाबा, पुढचं मी ठरवलं आहे, पण तुमच्या होकाराशिवाय करणार नाही, या वेळी खरंच. लीजची मुदत संपली की "पुन्हा लीजवर" हा पर्याय आपोआप निवडला जाऊ देऊ नका. सहा ग्रॅम तिजोरीत परत दिसले की पाच ग्रॅमचं नाणं घरी मागवू, उरलेलं विकू. घडवण्याचे आणि पोचवण्याचे पैसे पडतील, पडू देत. नाणं हातात येणं यापेक्षा खात्रीची तपासणी नाही. पाकीट उघडताना आईला फोनवर व्हिडिओ काढायला सांगा, आधी सील आणि नंबर दाखवून. दरमहा दोन हजार घालायचेच असतील तर तुमचं डीमॅट आहेच, त्यातून शेअरसारखे विकत मिळणारे गोल्ड ईटीएफ घेऊ. तिथे सोनं वेगळ्या कस्टोडियनकडे असतं आणि वर सेबीची देखरेख असते. बोनस मिळत नाही, हे मला चांगलंच वाटतं.

एक गोष्ट लिहिताना हात अडतो. ॲपमध्ये नॉमिनीचा रकाना रिकामा आहे. आईचं नाव घाला. बाकी काही मनात आणू नका.

लीज कधी संपते ती तारीख करारात खाली आहे, ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर, चहाबरोबर नाही. पाच तारखेला संध्याकाळी फोन करते. रागावला असाल तरी उचला.

तुमची,
मनू