सुट्या पिशवीतली ‘ताकद’

महोदय,

शालेय कबड्डी स्पर्धांसाठी आमच्या दर्यापूर तालुक्यातली चौदा-पंधरा वर्षांची पोरं उधारीवर प्रोटीन पावडर घेत आहेत, तीही सुट्या पिशवीतली, लेबल नसलेली. त्यात स्टेरॉइड मिसळलंय का, हे चवीवरून कळत नाही. ५० किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण ७५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. पावडरच्या एका मापातली २४ ग्रॅम प्रथिनं चार अंड्यांतही मिळतात, मग कर्ज कशाला? ताकद वाढवायला घेतात त्या क्रिएटिन पावडरचे अभ्यासही बहुतांशी प्रौढांवर झालेत, मुलांवर फारसे नाहीत. एनर्जी ड्रिंकवर तर कॅफीनमुळे ‘मुलांसाठी नाही’ असं छापलेलंच असतं. ऑक्टोबरच्या उन्हात ते पिऊन पोराची छाती धडधडली, हात थरथरले, तर प्रशिक्षकांनी सराव तिथेच थांबवून त्याला दवाखान्यात न्यावं.

– एक क्रीडाशिक्षक, दर्यापूर (जि. अमरावती)