थिएटर बंद पडले, तर तिकिटाचे पैसे कुणाचे?

महोदय,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. अशी मोठी आग क्वचितच लागते. पण वातानुकूलन बिघडले, छत गळू लागले, तारीख सरकारी कार्यक्रमाला दिली, अशा कारणांनी ऐनवेळी प्रयोग रद्द होणे नाट्यव्यवसायात नेहमीचेच आहे. मग प्रेक्षकाला सांगितले जाते, ‘तिकीट जपून ठेवा, पुढच्या प्रयोगाला चालेल.’ स्थानिक नाट्यव्यवस्थापक म्हणून मला ही पद्धत चुकीची वाटते.

याबाबत कायदा जुना आणि स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ६५ नुसार करार निरर्थक ठरला, तर त्यापोटी घेतलेले परत करावे लागते. तिथे उदाहरणही मैफलीचेच आहे. आजारपणामुळे गायकाला गाता आले नाही, तर आयोजकाचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा नाही, पण आगाऊ घेतलेले हजार रुपये परत करायचे. म्हणजे परतावा हा मूळ नियम. नवी तारीख किंवा पुढच्या प्रयोगासाठी जमा हे पर्याय प्रेक्षकाने स्वतः निवडले तरच.

समजा, ६२० तिकिटे गेली आहेत आणि चार दिवसांनी दुसरे थिएटर मिळते आहे, पण तिथे खुर्च्या ५००. जुना प्लॅन तसाच चालणार नाही. अशा वेळी सर्वांना संदेश पाठवून ४८ तासांत होकार मागवावा. उत्तर न देणाऱ्याचे पैसे आपोआप परत जावेत. गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. होकार आलेल्यांना आधी तिकीट घेतलेल्यांपासून क्रमाने जागा द्याव्यात. मागची रांग वाट्याला आली तर दरातला फरक परत करावा, आणि होकार ५०० च्या वर गेले तर उरलेल्यांना पूर्ण रक्कम. खिडकीवर रोख तिकीट घेणाऱ्यांची मात्र नोंदच नसते. म्हणून स्थळप्रतीवर फोन नंबर लिहून घ्यायलाच हवा.

जमा रक्कम निर्मात्याला सोयीची वाटते, पण ते कर्जच असते. पुढच्या प्रयोगाला दोनशे जण जुन्या पैशांवर बसले, तर कलाकारांची नाइट म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, बस आणि थिएटरभाडे उरलेल्या विक्रीतून भागवावे लागते. त्यातच संस्था बंद पडली तर प्रेक्षकाचे पैसे बुडालेच.

निर्मात्याची अडचण मला ठाऊक आहे. जाहिरातीचे पैसे खर्च झालेले असतात आणि थिएटरचे भाडे व अनामत महिनोन्‌महिने अडकून पडतात. त्यामुळे थिएटर महापालिकेचे असेल, तर प्रयोग रद्द झाल्यापासून तीन दिवसांत तिने दोन्ही रकमा परत कराव्यात. आपल्याच कार्यक्रमासाठी तारीख काढून घेतली असेल, तर जाहिरातीचा खर्च आणि ऑनलाइन बुकिंगचे शुल्कही तिनेच सोसावे. तारीखवाटपाच्या नियमावलीत हे कलम घालण्याची मागणी नाट्यनिर्मात्यांच्या संघटनांनी लावून धरावी.

– एक नाट्यव्यवस्थापक, कोल्हापूर