फागोईखाली रेघ मारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

परवा ग्रीक नव्या करारातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचताना चौदाव्या वचनाशी थांबलो आणि तुमची आठवण झाली. आभार तेव्हाच मानायचे होते, राहून गेले.

अंजिराच्या झाडाला येशू म्हणतो ते मी 'यापुढे तुझं फळ कोणी खाणार नाही' असं लिहून आणलं होतं. 'हे भाकीत की शाप?' एवढंच विचारून तुम्ही 'फागोई'खाली पेन्सिलनं रेघ मारलीत. फाग हा 'खाणे'चा धातू, पुढे ओ आणि इ. तो इ इच्छार्थाची खूण. संशयार्थ असता तर 'फागे' झालं असतं. मग नकाराकडे बोट दाखवलंत. साध्या विधानाला 'ऊ'च्या घरातला नकार लागतो, इथे 'मेकेती' आहे, म्हणजे 'मे'च्या घरातला. नकारार्थी इच्छेला तोच लागतो. मी खोडून लिहिलं, 'यापुढे तुझं फळ कोणी कधीही न खावो.' शाळेतल्या संस्कृतातलं 'भरेत्' आणि ग्रीक 'फेरोई' एकाच आजीच्या नाती, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तर विधिलिङ् पाठ केल्याचं पहिल्यांदा सार्थक वाटलं.

प्रेषित पौलाच्या 'मे गेनोइतो'वर आपण फार वेळ घालवला नाही. नव्या करारात ते 15 वेळा येतं, त्यातलं 14 वेळा त्याच्याच पत्रांत, त्यामुळे डोळ्यांना सवय होते. शब्दशः 'तसं न होवो', पण त्याचा सूर 'छे, मुळीच नाही!' असा.

खरी अडचण झाली ती जिथे इच्छाच नाही तिथे. प्रेषितांची कृत्ये 8:31 मध्ये फिलिप्प इथिओपियाच्या अधिकाऱ्याला विचारतो, वाचता ते समजतं का? तो म्हणतो, 'पोस गार आन दिनाइमेन'. या 'आन'मुळे इच्छा गळते, शक्यता उरते. तुम्ही म्हणालात, मराठीत सरळ लिहा: 'कोणी वाट दाखवल्याशिवाय मला कसं जमावं?'

1 पेत्र 3:14 वर मात्र आपलं वाजलं. तिथे 'एइ' म्हणजे 'जर', आणि त्याबरोबर 'सोसणे'चं इच्छार्थी रूप 'पास्खोइते' आहे. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे मी 'सोसावं लागण्याचा संभव कमी' असं धरलं. तुम्ही 4:12 उघडलंत, तिथे वाचकांवर अग्निपरीक्षा आलेलीच आहे. त्यातून असं जर-तरचं वाक्य नव्या करारात कुठेच पूर्ण येत नाही. दुसऱ्या अर्ध्यात 'आन'सह इच्छार्थ हवा, इथे नुसतं 'धन्य'. तेव्हा हा संभवाचा हिशेब नसून बोलण्यातला हळुवारपणा, असं तुमचं मत. मला ते निम्मंच पटलं होतं. आता 'नीतीसाठी सोसावं लागलंच, तरी तुम्ही धन्य' असं लिहितो.

सध्या फिलेमोन 20 मधल्या 'ओनाइमेन'शी अडलोय. तिथे इच्या आधी ओ नाही, आ आहे, म्हणजे माझी ओ-इ शोधायची युक्ती लंगडी पडली. रविवारी दुपारी फोन केला तर चालेल ना?

तुमचा,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी