"पैसे बंद तं नाही होनार ना?"

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात आशांची गटप्रवर्तक आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे साठीपुढच्या माणसांच्या तब्येतीची ऑनलाइन पाहणी झाली. लिंक आशांच्या मोबाइलवर आली, घरोघर जाऊन फॉर्म भरायचे, फॉर्ममागे थोडा मोबदला. पाहणीबद्दल तक्रार नाही. म्हाताऱ्यांची झोप, डोळे, पडणं-धडपडणं कोणी विचारतं हेच आमच्याकडे नवल. तक्रार आहे ती पहिल्या पानाची.

त्यावर लिहिलं होतं: "मी वरील माहिती वाचून समजून घेतली असून सदर सर्वेक्षणात स्वेच्छेने सहभागी होण्यास व माझी माहिती संशोधन व तदनुषंगिक प्रयोजनार्थ वापरण्यास संमती देत आहे." खाली चौकट. तिच्यात टिक केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

बहात्तर वर्षांची एक आजी ओसरीत तुरीची डाळ पाखडत बसली होती. आशानं वाचून दाखवलं, आजीनं मान हलवली, आशानं टिक केली. मी सोबत होते. सहज विचारलं, "आजी, काय समजलं सांगा बरं?"

"सरकारचं काई आहे म्हंते. नाई म्हनलं तं श्रावणबाळचे पैसे बंद तं नाही होनार ना, बाई?"

आजी भोळी म्हणून असं बोलली नाही. तिला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दारात कोणी कागद किंवा मोबाइल घेऊन आलं की ती तपासणीच, हे ती अनुभवानं शिकली आहे. पानावर "स्वेच्छेने" लिहिलंय, पण नकाराची किंमत काय ते कुठंच नाही. म्हणून तिची मान हलली ती भीतीनं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 संमती मोकळी आणि बिनशर्त असावी म्हणतो. ही तशी नव्हती.

गोपनीयतेचंही तसंच. "माहिती गोपनीय राहील" असं एक वाक्य होतं. पण फॉर्मात गाव, वय, जात आणि मोबाइल नंबर मागितला होता. आमच्या काही गावांत नव्वदी ओलांडलेली बाई एकच असते. नाव न लिहिता ती ओळखू येते. मोबाइल बहुतेक वेळा नातवाचा, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जातो. आणि पुढं प्रश्न होता, "घरी कोणी त्रास देतं का?" तो विचारला तेव्हा सून पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी होती. असे प्रश्न येणार आहेत हे संमतीच्या वेळीच सांगितलं असतं, तर आजीनं एकांत मागितला असता.

साहेब, पहिलं पान असं लिहिता येईल:

"आम्ही साठीच्या पुढच्या लोकांच्या तब्येतीची माहिती गोळा करतो आहोत. तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, तुमचं श्रावणबाळ, रेशन, दवाखान्यातलं औषध यांत काही फरक पडणार नाही. अर्धा तास लागेल. काही प्रश्न मनाच्या उदासीबद्दल आणि घरातल्या वागणुकीबद्दल आहेत. ते एकट्यात विचारू. नको वाटेल तो प्रश्न सोडा. मधेच थांबायचं असेल तर थांबा. तुमचं नाव आम्ही लिहित नाही. नंतर माहिती काढून टाकायची असेल तर या नंबरवर फोन करा. पण एक महिन्यानंतर तुमचा नंबरही पुसला जातो, मग तुमचा फॉर्म कोणता ते आम्हालाही सापडणार नाही."

अर्धा तास, एक महिना हे माझे आकडे. खरे असतील ते टाका. पण शेवटची अडचण लपवू नका, आणि माहिती काढून घ्यायला ईमेल पत्ता देऊ नका.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तटस्थ, साक्षर साक्षीदार सांगितला आहे. फॉर्ममागे पैसे घेणारी आशा तटस्थ कशी? (मी तिची गटप्रवर्तक असून हे लिहिते, तिचा मोबदला कापू नका, साक्षीदार वेगळा धरा.) शेजारची शिकलेली बाई चालेल. टिक करण्याआधी आजीला दोनच गोष्टी तिच्या शब्दांत विचाराव्या: हे कशासाठी आहे, आणि नाही म्हटलं तर काय होईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर पुन्हा समजवावं, तेवढ्यावर टिक नको. कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, म्हणजे पोडांवर, हे कोलामीत बोलावं लागेल. तिथं छापील मराठीचा उपयोग मर्यादित आहे.

त्या दिवशी मी टिक काढायला लावली आणि आजीला वर लिहिलंय तसं सांगितलं. ती हसली. "मंग भर न बाई. पन नातवाचा नंबर नको टाकू, थो पोट्टा समदं वाचते."

नंबराशिवाय फॉर्म पुढं गेला नाही. तो तसाच राहिला.

आपली,
एक गटप्रवर्तक, जि. यवतमाळ