प्लेटलेट ४५ वरून ०.३८ वर? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

डेंग्यूच्या एका रुग्णाचे लागोपाठच्या दोन दिवसांचे रक्ताचे रिपोर्ट मराठीत करून नातेवाइकांना दिले गेले. पहिल्यावर होते ‘प्लेटलेट ४५ × १०३ प्रति मिलिलिटर’, दुसऱ्यावर नुसते ‘०.३८’. एका रात्रीत पंचेचाळीसचे शून्यावर आले, असेच घरच्यांनी वाचले. त्यांनी दुसरे काय वाचायचे होते?

मूळ रिपोर्टात `45 x10³/µL` होते, म्हणजे मायक्रोलिटरला ४५,००० पेशी. दुसऱ्या दिवशीची लॅब वेगळी. तिथे `0.38 lakh/cumm`, म्हणजे ३८,०००. घन मिलिमीटर आणि मायक्रोलिटर हे माप एकच. घट फक्त सात हजारांची होती. पण मजकूर कॉपी करताना दहाच्या डोक्यावरचा ३ खाली आला आणि हजाराचे एकशे तीन झाले. फॉन्ट बदलताच µ चे m झाले. माप हजारपट फुगले. ‘लाख’ शेजारच्या रकान्यात होता, तो अनुवादात आलाच नाही.

उलटी चूक याहून घातक. हजारांतला आकडा लाखांत करताना शंभराने भागावे लागते. १२ हजारांचे ०.१२ लाख. घाईत दहाने भागले की १.२ लाख लिहिले जाते आणि तातडीने दाखवायचा रुग्ण घरीच राहतो.

महोदय, भागाकाराची ही चूक पकडायला यंत्र लागत नाही. रिपोर्टवर छापलेल्या किमान मर्यादेने आकड्याला भागा. ४५ भागिले १५०, ०.४५ भागिले १.५, ४५,००० भागिले १,५०,०००: तिन्हींचे उत्तर ०.३. अनुवादाआधी आणि नंतर हे उत्तर बदलले, तर अनुवाद चुकला. अट एवढीच, की आकडा आणि मर्यादा दोन्ही अनुवादातूनच घ्यायच्या. आकडा मराठीत आणि मर्यादा इंग्रजीत ठेवली, तर पडताळणीच उरत नाही.

आमची मागणी साधी आहे. मराठी रिपोर्टावर मूळ ओळ जशीच्या तशी राहू द्या आणि खाली पूर्ण संख्या अंकी व अक्षरी द्या: ‘४५,००० (पंचेचाळीस हजार), प्रति मायक्रोलिटर’. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहायची पद्धत आहे. रक्ताच्या रिपोर्टावर का नाही? प्रत्येक लॅब आपल्या मशीनमधले एकक छापते, अनुवाद करणारा समोर दिसेल ते उतरवतो आणि मराठी प्रत तपासण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. मराठीत माहिती दिली एवढ्यावर तुमची व्यवस्था समाधानी आहे. ती माहिती खरी आहे का, हे कोण पाहणार?

एकाच पानावर पांढऱ्या पेशी ४.५ आणि तांबड्या पेशीही ४.५ असू शकतात. पहिल्या ४,५०० असतात, दुसऱ्या ४५ लाख. मराठी प्रतीत दोन्हींपुढे नुसते ‘४.५’ छापले जात असेल, तर ती प्रत आजच थांबवा.

आपले,
वैद्यकीय अहवालांचे अनुवादक